१४०९ या आकड्यावरचा शेरा

रोज भर पडणाऱ्या आकडेवारीत कधी कधी एखाद्या दिवसाचा आकडा मागच्यापुढच्या दिवसांशी काहीच नाते नसल्यासारखा उसळतो. भरताना एक शून्य जास्त पडलेले असते, महिनाभर राहून गेलेल्या नोंदी एकाच दिवशी चढवलेल्या असतात, किंवा त्या दिवशी खरोखरच काही विपरीत घडलेले असते. नुसत्या तक्त्याकडे पाहून यांतले नेमके काय झाले ते कळत नाही. म्हणून आकडेवारी सांभाळणारे जाणते लोक दोन कामे वेगळी ठेवतात. उसळी ओळखण्याचे काम एका साध्या सूत्रावर सोपवता येते. तिचा अर्थ लावण्याचे काम मात्र माणसाचे असते, आणि तो लागेपर्यंत, किंबहुना लागल्यानंतरही, आकडा जागचा हलवायचा नसतो. त्याच्याशेजारी शेरा लिहायचा असतो.

महाराष्ट्रातले याचे सर्वांत ठळक उदाहरण १६ जून २०२० चे आहे. त्या दिवशी राज्याच्या आरोग्य विभागाने कोविडच्या १४०९ मृत्यूंची नोंद जाहीर केली. आदल्या आठवड्यातले, म्हणजे ९ ते १५ जूनचे आकडे असे होते: १२०, १४९, १५२, १२७, ११३, १२० आणि १७८. एका रात्रीत मृत्यू आठपट झाले असे या ओळीवरून वाटावे, पण तसे घडले नव्हते. जुन्या नोंदींचा ताळमेळ घालताना आधी मोजायचे राहिलेले १३२८ मृत्यू त्या दिवशी एकदम यादीत आले होते. त्यांपैकी ८६२ मुंबईतले आणि ४६६ उर्वरित राज्यातले होते. नव्याने नोंदलेले मृत्यू ८१ होते. राज्याने ही फोड त्याच दिवशी सांगितली. पण रोजचा आकडा आपोआप उचलणाऱ्या तक्त्यांत आणि आलेखांत पोहोचला तो फक्त १४०९. दुसऱ्या दिवशी देशाच्या बेरजेतही उसळी आली. १७ जूनच्या सकाळी देशाचा दिवसाचा आकडा २००३ होता.

अशी उसळी यंत्राला ओळखायला लावायची, तर ‘नेहमीचे’ म्हणजे किती आणि ‘नेहमीपेक्षा फार’ म्हणजे किती, या दोन गोष्टी आकड्यांत सांगाव्या लागतात. शाळेत शिकवलेली पद्धत सरासरी आणि प्रमाण विचलन यांची आहे. वरच्या सात दिवसांची सरासरी बरोबर १३७ येते. आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरले आहेत हे सांगणारे प्रमाण विचलन येते सुमारे साडेतेवीस. सरासरीत त्याची तिप्पट मिळवली, की मर्यादा २०७ च्या आसपास जाते. १४०९ तिच्या कितीतरी वर असल्याने १६ तारखेला ही पद्धत आपले काम चोख करते.

तिची लंगडी बाजू १७ तारखेपासून दिसू लागते. आता मागच्या सात दिवसांत खुद्द १४०९ येऊन बसलेला असतो. १० ते १६ जूनची सरासरी ३२१ होते आणि प्रमाण विचलन ४८० वर जाते, त्यामुळे मर्यादा १७६० च्या पुढे सरकते. पुढचा आठवडाभर तेवढीच मोठी गडबड पुन्हा झाली, तरी ती या मर्यादेखालून निघून जाणार. एका उसळीने पुढच्या उसळ्यांना आडोसा दिलेला असतो. संख्याशास्त्रात हा दोष फार जुना आणि सर्वांच्या ओळखीचा आहे, तरी रोजच्या वापरातल्या तक्त्यांत तो आजही सर्रास सापडतो; कारण सरासरीचे सूत्र सर्वांच्या हातात असते.

त्यावरचा उपाय मध्यकाचा आहे. सात आकडे चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा म्हणजे मध्यक. ९ ते १५ जूनचे आकडे क्रमाने लावले तर ११३, १२०, १२०, १२७, १४९, १५२, १७८ असे होतात आणि मध्यक १२७ येतो. आता प्रत्येक आकडा १२७ पासून किती दूर आहे ते पाहायचे, कमी की जास्त याचा विचार न करता. हे फरक क्रमाने ०, ७, ७, १४, २२, २५, ५१ असे आहेत, आणि त्यांचाही मधला आकडा आहे १४. म्हणजे त्या आठवड्यातला नेहमीचा चढउतार साधारण १४ चा. हा आकडा प्रमाण विचलनाच्या मापाशी जुळावा म्हणून त्याला १.४८ ने गुणतात, मग तिप्पट करून मध्यकात मिळवतात. उत्तर १८९. स्प्रेडशीटमध्ये यासाठी `MEDIAN` आणि `ABS` एवढी दोनच फलने लागतात.

मध्यकाचे बळ त्याच्या बेफिकिरीत आहे. टोकाचा आकडा १४०९ असो की १४,०९०, रांगेतली त्याची जागा शेवटचीच राहते आणि मधला आकडा जवळपास तिथेच असतो. १० ते १६ जूनचा मध्यक १४९ आहे, फरकांचा मध्यक २९ आणि मर्यादा २७८. सरासरीची मर्यादा त्याच दिवशी १७६० च्या पुढे गेली होती, हे शेजारी ठेवले की दोन्ही पद्धतींतले अंतर लक्षात येते.

हे अंतर नुसते कागदावरचे नव्हते. आठवड्याने, २३ जूनला, राज्यात २४८ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ७५ आदल्या ४८ तासांतले होते आणि १७३ त्याआधीच्या काळातले. म्हणजे राहिलेल्या नोंदींची ही आणखी एक, लहान खेप होती. १६ ते २२ जूनचे आकडे होते १४०९, ११४, १००, १४२, ९१, १८६ आणि ११३. यांची सरासरीच ३०८ भरते, त्यामुळे सरासरीच्या पद्धतीला २४८ हा उलट कमी वाटतो. मध्यकाची पद्धत मात्र ११४ वर उभी असते, तिची मर्यादा २१६ येते आणि २४८ वर खूण पडते. पहिल्या उसळीआड लपू शकणारी दुसरी उसळी अशी हाती लागते.

या सूत्रालाही सांभाळून घ्यावे लागते. सात आकडे योगायोगाने एकमेकांना खेटून आले, तर चढउतार नाहीच असे सूत्राला वाटते. ३ ते ९ जूनच्या आठवड्यात १२०, १२०, १२२, १२३ असे आकडे जवळजवळ आले. फरकांचा मध्यक अवघा ३ झाला आणि १० जूनची मर्यादा १३३ पर्यंत खाली आली. त्या दिवसाच्या १४९ वर, ज्यात वरकरणी काहीच वावगे नाही, खूण पडते. १५ जूनला मर्यादा १५१ येते आणि १७८ सुद्धा अडकतो. म्हणून सूत्राला एक किमान सूट द्यायची पद्धत आहे: मर्यादा मध्यकाच्या दीडपटीपेक्षा खाली जाऊ द्यायची नाही. ही सूट दिली की १० आणि १५ जून या दोन्ही दिवसांची मर्यादा १८० होते आणि दोन्ही आकडे सुटतात. १६ जूनची १८९ ऐवजी १९१ होते, तिथे काही बिघडत नाही. २३ जूनची २१६ च राहते. दीडपट हा काही निसर्गनियम नव्हे. आकडेवारी हाताळणाऱ्याने तिच्या स्वभावाकडे पाहून घेतलेला तो निर्णय असतो, आणि असा निर्णय लिहून ठेवलेला असावा. लहान जिल्ह्यांत, जिथे बहुतेक दिवशी शून्य किंवा एकच मृत्यू असतो, दीडपटीलाही अर्थ उरत नाही. शून्याची दीडपट शून्यच. तिथे पाचच्या आत काहीही आले तरी खूण करायची नाही, असा साधा आकडाच ठरवावा लागतो.

सात दिवसांची खिडकी निवडण्यालाही कारण आहे. सुटीच्या दिवशी नोंदी कमी होतात आणि नंतर त्या भरून निघतात. हे चक्र आठवड्याचे असते. पाच किंवा दहा दिवसांची खिडकी घेतली तर कधी तिच्यात एक रविवार कमी येतो, कधी एक जास्त, आणि मर्यादा विनाकारण हलत राहते. चौदा दिवस घेतले तर मर्यादा अधिक स्थिर होते, पण साथ वेगाने वाढत असेल तर ती मागे पडते. आणखी एक पथ्य म्हणजे ज्या दिवसाची परीक्षा घ्यायची, तो दिवस खिडकीत धरायचा नाही. आरोपीलाच पंच नेमण्यासारखे ते होईल.

खूण पडली. आता आकड्याचे काय करायचे? सर्वांत सोपा मोह म्हणजे तो काढून टाकण्याचा. आलेख लगेच नीटनेटका दिसतो. पण १६ जूनची ओळ पुसली की तीन गोष्टी बिघडतात. त्या दिवशी नोंदलेले ८१ मृत्यू त्या ओळीबरोबर जातात, ज्यांच्याबद्दल कोणाचीच शंका नव्हती. १३२८ मृत्यू तर जातातच, आणि ते खोटे नव्हते. चुकीची होती ती फक्त तारीख. तिसरे म्हणजे बेरीज जुळत नाही. १५ जूनअखेर राज्यातले एकूण मृत्यू ४१२८ होते आणि १६ जूनअखेर ५५३७. मधली ओळ नसेल, तर पुढे तक्ता हाती घेणाऱ्याला हे १४०९ कुठून आले याचा पत्ता लागत नाही. नोंद झालेल्या रुग्णांमागे मृत्यूंचे प्रमाणही त्या एका दिवसात ३.७३ टक्क्यांवरून ४.८८ टक्क्यांवर गेले. हा बदल खरा होता, आधीचे प्रमाणच कमी दिसत होते. आकडा पुसणारा हा बदलही पुसतो.

आकडा तसाच, शेऱ्याविना, ठेवला तरीही वाचक फसतो. वर्तमानपत्रांत आणि संकेतस्थळांवर सात दिवसांची सरासरी दाखवण्याची रीत होती. ती सरासरी १५ जूनला १३७ होती, १६ जूनला ३२१ झाली आणि पुढे आठवडाभर त्याच उंचीवर राहिली. २२ जूनला ती ३०८ होती. २३ जूनला १६ तारीख खिडकीतून बाहेर पडली आणि सरासरी एकदम १४२ वर आली. म्हणजे आलेखात एक सपाट माथ्याचा डोंगर तयार झाला. त्याची डावी कड साथीचा भडका वाटते आणि उजवी कड साथ ओसरल्याचा दिलासा. प्रत्यक्षात दोन्ही नव्हते. गंमत अशी की ज्या २३ जूनला जुन्या नोंदींची आणखी एक खेप आली, त्याच दिवशी ही सरासरी निम्म्याहून खाली उतरली.

यातून वाट काढायची तर मूळ आकड्याचा रकाना कधीच बदलायचा नाही आणि जे काही म्हणायचे ते शेजारच्या रकान्यांत म्हणायचे. तक्त्याची रचना साधारण अशी होते:

```
date,deaths,limit,flag,reason
2020-06-15,178,180,,
2020-06-16,1409,191,Y,backlog 1328
2020-06-17,114,278,,
2020-06-23,248,216,Y,backlog 173
```

`flag` हा रकाना सूत्र भरते आणि `reason` हा माणूस. हे दोन रकाने एक करण्याची घाई करू नये. खूण म्हणजे ‘हा आकडा मर्यादेबाहेर आहे’ एवढेच विधान. ते गणिताने सिद्ध होते. कारण हे प्रसिद्धिपत्रक वाचून, दूरध्वनी करून, जिल्ह्याजिल्ह्याची फोड पाहून शोधावे लागते. कधी ते दोन दिवसांनी मिळते, कधी मिळतच नाही. कारणाचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, तिथे अंदाज लिहू नये. मर्यादाही तक्त्यात नोंदवलेली बरी, म्हणजे नंतर कोणी सूत्र बदलले तर त्या वेळी खूण कशावरून पडली होती ते समजते.

असा तक्ता असला की प्रत्येक जण आपल्या गरजेप्रमाणे तो वापरू शकतो. एकूण मृत्यू मोजणारा सर्व ओळींची बेरीज करील. साथीचा कल पाहणारा खुणेच्या दिवशी १४०९ ऐवजी ८१ धरील, किंवा तो दिवस सरासरीतून वगळील. आलेख काढणारा १६ जूनचा स्तंभ वेगळ्या रंगात दाखवून खाली एक ओळ लिहील. जुने मृत्यू मागच्या दिवसांवर वाटून टाकायचे असतील तर तेही करता येते, पण ते अंदाज असल्याने त्यांचा रकाना निराळा असावा. अशी वाटणी मूळ रकान्यात घुसली, की काही महिन्यांनी अंदाज कोणता आणि नोंद कोणती हे ती करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

पुसण्याच्या विरुद्धचे सर्वांत वजनदार कारण मात्र वेगळे आहे: उसळी कधी कधी खरीच असते. साथ फार झपाट्याने वाढत असेल, तर मागच्या सात दिवसांवरून काढलेली मर्यादा रोजच ओलांडली जाऊ शकते. जुन्या नोंदींची खेप एक-दोन दिवस उसळी दाखवते आणि आकडा पुन्हा पूर्वपदावर येतो, १७ जूनला तो ११४ वर आला तसा. खरी वाढ खाली येत नाही. खुणा ओळीने चार-पाच दिवस पडू लागल्या की शंका आकड्यावर घ्यायची नसते, बदललेल्या परिस्थितीची दखल घ्यायची असते. पुसणाऱ्या सूत्राने नेमकी हीच पहिली चाहूल गिळली असती.

विज्ञानाच्या इतिहासात याचा एक नावाजलेला दाखला आहे. अंटार्क्टिकावरचा ओझोनचा थर विरळ झाल्याचे ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जॉनथन शँकलिन यांनी मे १९८५ मध्ये ‘नेचर’मध्ये जाहीर केले. नासाचा निंबस-७ हा उपग्रह १९७८ पासून वरून ओझोन मोजत होता. त्याच्या संगणकाने हे नीचांक फेकून दिले, अशी कथा पुढे सर्वत्र पसरली. आजही ती ऐकू येते. ती खरी नाही. १८० डॉबसन एककांच्या खालच्या मोजमापांवर संशयित अशी खूण करण्याचा नियम होता आणि मोजमापे शाबूत होती. म्हणूनच नासाच्या शास्त्रज्ञांना ती पुन्हा तपासता आली आणि ओझोनचे ते विवर केवढे पसरले आहे हे उपग्रहाच्याच नोंदींवरून दाखवता आले. उसळी वरच्या दिशेलाच असते असे नाही, हेही या दाखल्यात येते. कोविडच्या काळात २५ मे २०२० रोजी स्पेनने छाननीनंतर आपला एकूण मृत्यूंचा आकडा सुमारे २००० ने कमी केला. दिवसाचे मृत्यू उणे दोन हजार! वरचीच मर्यादा तपासणारे सूत्र अशा वेळी गप्प बसते. म्हणून मध्यकातून तेवढेच वजा करून खालची मर्यादाही ठेवतात, आणि उणे आकडा आला तर कोणतीही मर्यादा न पाहता खूण करतात.

एक गुंतागुंत उरते. आकडेवारी ताजी होते तेव्हा फक्त आजची ओळ वाढत नाही, मागच्या ओळीही बदलू शकतात. जुन्या मृत्यूंची खरी तारीख कळली की काही संस्था ते त्या त्या तारखेवर हलवतात. मग १६ जूनचा १४०९ हा आकडा मूळ स्रोतातूनच नाहीसा होतो आणि मे महिन्यातल्या ओळी फुगतात. अशा वेळी खुणा पहिल्यापासून नव्याने काढाव्या लागतात, कारण मागचे सात दिवस बदलले की मर्यादाही बदलते. पण जुनी खूण मोडीत काढू नये. रोज उतरवून घेतलेली प्रत तिच्या तारखेसह जपून ठेवली, तर कोणत्या दिवशी जगाला कोणता आकडा दिसत होता हे दाखवता येते. त्या वेळचे निर्णय त्या वेळच्या आकड्यांवर घेतलेले असतात. नंतर सुधारलेला तक्ता समोर ठेवून त्यांची तपासणी केली तर ती अन्यायाची ठरते.

महाराष्ट्रानंतर वर्षभराने हेच बिहारमध्ये घडले. छाननीनंतर ९ जून २०२१ रोजी तिथल्या नोंदीत पूर्वीचे ३९५१ मृत्यू एकदम मिळवले गेले, आणि १० जूनच्या सकाळी देशाचा एका दिवसाचा आकडा ६१४८ झाला. तोवरचा तो सर्वांत मोठा आकडा होता. त्यात जवळपास दोन तृतीयांश वाटा एकट्या बिहारच्या जुन्या नोंदींचा होता, आणि दुसरी लाट त्या सुमारास ओसरू लागलेली होती. शेरा नसलेल्या तक्त्यात मात्र १० जून २०२१ हा दिवस लाटेच्या शिखरासारखा दिसतो.